तिरुवारूर: कवींनी देवाला गाव कसं दिलं

पार्श्वभूमी

तंजावूरच्या पुढे कावेरीला असंख्य फाटे फुटतात आणि समुद्रापर्यंतचा सगळा मुलूख भाताच्या खाचरांनी भरून जातो. या खोऱ्याच्या दक्षिण भागात तिरुवारूर आहे. आज तिथे त्यागराजाचं, म्हणजे शिवाचं, अवाढव्य मंदिर दिसतं आणि मंदिराच्या पश्चिमेला कमलालय नावाचं जवळपास तेवढंच मोठं तळं. सातव्या शतकात यातलं दगडी बांधकाम उभं नव्हतं. होतं ते एक वारूळ. त्या वारुळातच शिव राहतो अशी लोकांची श्रद्धा होती, म्हणून देवाचं नाव संस्कृतात वल्मीकनाथ. मंदिराच्या या गाभ्याला मूलस्थान म्हणतात.

हे प्रकरण त्या वारुळाचं आहे. साधारण दोनशे वर्षांत गावातल्या एका पूजास्थानाला सगळ्या तमिळ देशात ओळख मिळाली. ती मिळवून देणारे मुख्यतः कवी होते. शिवाचे कवी नायनमार आणि विष्णूचे कवी आळवार. परंपरेने नायनमार 63 आणि आळवार 12 मानले, तरी सगळे नायनमार कवी नव्हते. शैव बाजूने या प्रकरणात तिघे येतात. अप्पर आणि संबंदर सातव्या शतकातले, एकमेकांचे समकालीन. सुंदरर त्यांच्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी झाला. या तिघांच्या गीतांना एकत्रितपणे तेवारम म्हणतात.

राजकीय चित्रही ध्यानात घ्यायला हवं. उत्तरेला कांचीचे पल्लव, दक्षिणेला मदुरैचे पांड्य, आणि मधल्या कावेरी खोऱ्यात तेव्हा फारसं बळ न उरलेले चोळ. पल्लव राजा पहिला महेंद्रवर्मन याने मंडगपट्टू इथे डोंगर कोरून मंदिर करवलं आणि ते विटा, लाकूड, धातू व चुना यांच्याशिवाय घडवल्याचं तिथल्या शिलालेखात अभिमानाने नोंदवलं. म्हणजे त्याआधीची देवळं याच वस्तूंची असायची. खोऱ्यात मात्र कोरायला डोंगरच नाही. गाळाच्या जमिनीत दगड लांबून आणावा लागतो आणि त्यासाठी पैसा व राज्य दोन्ही लागतं. दगड इथे उशिरा पोहोचला, गाणं त्याच्या बरंच आधी. पुढच्या अनेक गोष्टी या एका कारणातून निघतात असं मला वाटतं.

पुराव्याबद्दल एक खुलासा आधीच करतो. कवींची गीतं त्यांच्या काळातली आहेत. त्यांच्या चमत्कारकथा मात्र मुख्यतः बाराव्या शतकातल्या सेक्किळारच्या पेरियपुराणातून येतात. खाली जिथे ‘सेक्किळार सांगतो’ असं लिहिलं आहे तिथे ती नंतरची आठवण समजावी.

अडचण

पुराणांतला शिव कैलासावर राहतो. त्याची स्तुती संस्कृतात, पूजाविधी संस्कृतात. मग कावेरीच्या दक्षिणेला भात लावणाऱ्या माणसाने आपल्या शेजारच्या वारुळाशी यावं कशासाठी? तो देव तर सगळीकडे आहे. जो सगळीकडे आहे तो नेमका आपला कसा होणार?

दुसऱ्या बाजूला जैन आणि बौद्ध होते, आणि ते दुबळे नव्हते. जैन मुनींचे मठ होते, शिस्त होती, तमिळमध्ये विद्वत्ता होती. खुद्द अप्पर याचं उदाहरण आहे. वेळ्ळाळ शेतकरी कुळातला हा मुलगा तरुणपणी जैन झाला आणि त्याने तिथे बराच मान मिळवला. सेक्किळार सांगतो, की पुढे त्याला पोटशूळ जडला, जैन मठात उपाय झाला नाही, तेव्हा तो तिरुवदिगै इथे शिवाची सेवा करणाऱ्या बहिणीकडे, तिलकवतीकडे आला. तिने कपाळाला भस्म लावून त्याला देवळात नेलं. अप्परच्या तिरुवदिगैच्या गीतात पोट पिळवटणाऱ्या वेदनेची तक्रार खरोखरच आहे. बाकी तपशील काहीही असो, प्रतिपक्षाला आतून ओळखणारा माणूस या बाजूला आला होता.

समोर असलेले पर्याय

कुणी बैठक घेऊन पर्याय मांडले नव्हते हे उघड आहे. पण त्या काळच्या कवीसमोर कोणते रस्ते मोकळे होते ते पाहिलं की त्याने काय सोडलं ते कळतं.

पहिला रस्ता दरबाराचा. जुन्या संगम काव्याची परंपरा राजाच्या स्तुतीची होती. कवीने वीराचं दान, त्याची लढाई, त्याचा गाव गायचा आणि बक्षीस घ्यायचं. दुसरा रस्ता यज्ञाचा आणि संस्कृत विद्येचा. तो जन्माने मोजक्यांनाच खुला. तिसरा जैन-बौद्ध मार्गाचा, म्हणजे घर सोडून वैराग्याचा. चौथा खेड्यातल्या अंगात येणाऱ्या पूजेचा. तिथे मुरुगन पुजाऱ्याच्या अंगात येऊन नाचत असे. त्यात उत्कटता होती, पण ती त्या गावाबाहेर जात नसे.

कवींनी दरबाराचा साचा उचलला आणि राजाच्या जागी देव बसवला. राजाचा जसा गाव असतो, परगणा असतो, मिरवणूक असते, तसंच सगळं देवाला दिलं. राजाला मात्र वगळलं. ‘आम्ही कोणाचीही प्रजा नाही, यमाला आम्ही भीत नाही’ या अर्थाने सुरू होणारं अप्परचं गीत तमिळ घरांत आजही पाठ असतं. सुंदररने तिरुप्पुगलूरच्या गीतात कवींनाच सुनावलं, की कंजूष माणसाला दानशूर म्हणून कितीही गायलंत तरी तो काही देणार नाही, त्यापेक्षा पुगलूरच्या देवाला गा.

पहिला निर्णय: गीत एका गावाला बांधायचं

तेवारमचं एकक म्हणजे पदिगम, साधारण दहा-अकरा कडव्यांचं गीत. बहुतेक पदिगम एका गावचं असतं आणि गावाचं नाव कडव्यामागून कडव्यात येतं. संबंदरने तर पक्का आराखडाच बनवला. सामान्यतः आठव्या कडव्यात कैलास उचलणारा आणि अंगठ्याखाली चेपला गेलेला रावण, नवव्यात शिवाचा आदि-अंत शोधून थकलेले ब्रह्मा-विष्णू, दहाव्यात जैन-बौद्धांवर प्रहार, अकराव्यात कवीचं नाव आणि गाणाऱ्याला मिळणारं फळ. ऐकणाऱ्याला गीत कुठवर आलं ते आपोआप कळतं. पाठ करणं सोपं, दुसऱ्या गावी नेणंही सोपं.

तिरुवारूरवरच्या अप्परच्या एका पदिगमात हा निर्णय सगळ्यात स्पष्ट दिसतो. तो देवाला सतत एकच प्रश्न विचारतो. तू एकटा होतास तेव्हा, एकाचे तीन झालास तेव्हा, यमाला लाथाडलंस तेव्हा, कामाला डोळ्यातल्या आगीने जाळलंस तेव्हा, अर्ध्या अंगात देवीला घेतलंस त्याच्या आधी की नंतर, तू तिरुवारूरला आपलं देऊळ केलंस? पुराणातल्या सगळ्या मोठ्या घटना इथे केवळ तारखा लावायच्या कामाला जुंपल्या आहेत. मुख्य घटना एकच: देव या गावी राहायला आला. कैलासाची कथा नाकारलेली नाही, तिला तिरुवारूरच्या इतिहासात जागा दिली आहे. ही हुशारी मला या प्रकरणातली सर्वांत मोठी वाटते.

दुसऱ्या एका गीतात त्याने एका मुलीची गोष्ट सांगितली आहे. आधी तिने देवाचं नाव ऐकलं. मग तो कसा दिसतो ते ऐकलं. मग त्याचं आरूर, म्हणजे तिरुवारूर, ऐकलं. त्यानंतर ती वेडी झाली. आई-बाप त्याच दिवशी सोडले, जगाची रीत सोडली, स्वतःला विसरली, स्वतःचं नावही हरवून बसली, आणि त्याच्या पायाशी गेली. नाव, रूप, गाव हा क्रम लक्षात ठेवण्यासारखा आहे. नाव ऐकून ती थांबली होती, रूप ऐकूनही थांबली होती. घर सुटलं ते गाव कळल्यावर.

दुसरा निर्णय: दर्शनाबरोबर चाकरी आणि उत्सव

गाव ठरलं की तिथे काय करायचं हा प्रश्न येतो. अप्परच्या हातात चित्रांत आणि मूर्तींत एक खुरपं दिसतं. देवळाच्या अंगणातलं गवत काढायला तो ते घेऊन फिरे असं परंपरा सांगते. म्हणजे वेद न शिकलेल्या शेतकऱ्यालाही देवळात रोजचं काम आहे: झाडणं, सारवणं, फुलं गुंफणं, दिवा लावणं. तिरुवारूरच्या नमिनंदी या भक्ताचं नाव अप्परच्याच गीतात येतं. त्याने पाण्याने दिवे लावल्याचं सगळा देश जाणतो असं तो म्हणतो. सेक्किळार त्याची पूर्ण कथा देतो: तूप मागायला गेलेल्या नमिनंदीला शेजारच्या जैन घरातून ‘तुझ्या देवाच्या हातात आगच आहे, दिवा कशाला, नाहीतर पाणी घाल’ असं हिणवलं गेलं, आणि त्याने तळ्याचं पाणी घालून दिवे पेटवले. चमत्कार बाजूला ठेवला तरी यात त्या गावाची वस्ती दिसते. शिवाचं देऊळ आणि जैनांची घरं एकाच तळ्याकाठी.

उत्सवासाठी अप्परने मार्गळी महिन्यातल्या आर्द्रा नक्षत्राच्या दिवसाचं संपूर्ण गीत रचलं. मोत्यांचं छत, सोन्याच्या दांड्यांच्या चवऱ्या, मागून चालणारे भक्त, बायका, गळ्यात पांढऱ्या कवट्यांच्या माळा घातलेले व्रती, आणि हा सगळा थाट म्हणजे आरूरची आर्द्रा. त्यात उपदेश जवळजवळ नाही. गर्दीचं वर्णन आहे. गीत दुसऱ्या गावी गायलं गेलं की ऐकणाऱ्याला पुढच्या वर्षी तिथे जावंसं वाटावं अशीच त्याची रचना आहे. सेक्किळारच्या कथेत अप्पर हे गीत तिरुप्पुगलूरला संबंदरला ऐकवतो आणि संबंदर लगेच आरूरला निघतो.

तिसरा निर्णय: यादी

आता सुंदरर. तिरुवारूरच्या परवैशी त्याचं लग्न झालं आणि हे गाव त्याचं घर बनलं. देवाशी त्याचा सूर मित्राचा. कोळिली या गावच्या गीतात तो सांगतो, की कुंडैयूरला भात मिळालं आहे, पण ते घरी वाहून न्यायला माणसं नाहीत, तेवढी पाठवून दे. भक्तिकाव्यात हमालीची मागणी फार ठिकाणी सापडत नाही.

पण तिरुवारूरने त्याच्याकडून जे मिळवलं ते या सगळ्यापेक्षा वजनदार आहे: तिरुत्तोंडत्तोगै, म्हणजे भक्तांची यादी. अकरा कडवी, आणि ‘त्याचा मी दास, त्याचाही मी दास’ असा ठेका. पहिल्या ओळीत चिदंबरमच्या ब्राह्मणांच्या दासांचा दास. दुसऱ्याच ओळीत तिरुनीलकंठ कुंभाराचा दास. पुढे शिकारी, राजे, स्त्रिया, आणि ज्याला शिवेपलीकडे राहावं लागे तो तिरुनाळैप्पोवार, म्हणजेच नंदनार. व्यक्तींबरोबर नऊ समूहही आहेत. त्यांतला एक म्हणजे ‘तिरुवारूरमध्ये जन्मलेले सगळे’. जवळपास प्रत्येक कडवं आरूरच्या स्वामीच्या दासाच्या नावाने संपतं.

सेक्किळार या गीताचं कारण असं सांगतो: तिरुवारूरच्या मंडपात भक्त बसले होते, सुंदरर त्यांच्याकडे न पाहता थेट देवाकडे गेला. विरन्मिंडर नावाच्या भक्ताने तिथल्या तिथे जाहीर केलं, की भक्तांना ओलांडून जाणारा आमच्यातला नाही, आणि त्याचा देवही आमच्यातला नाही. मग सुंदररने ही यादी गायली. कथा खरी धरा वा न धरा, तिच्यातला वाद खरा आहे. देवळात आधी कोण, देव की जमलेली माणसं?

शंभर वर्षांपूर्वी अप्परने देवाला गाव दिलं होतं. सुंदररने त्या गावाला नातेवाईक दिले. कुठल्याही खेड्यातल्या कुंभाराला आता आपल्या जातीचा एक माणूस या यादीत सापडू शकत होता.

शेजारचं उदाहरण: विष्णूचे कवी

तिरुवारूरपासून काही किलोमीटरवर तिरुक्कण्णमंगै आहे. तिथे तिरुमंगै आळवाराने विष्णूसाठी तेच केलं. त्याच्या गीताचा पालुपदासारखा शेवट ‘कण्णमंगैत मला तो सापडला’ असा आहे. त्याने ऐंशीहून अधिक क्षेत्रं गायली. आळवारांमध्ये एवढं कोणी फिरलेलं नाही. तिरुइंदळूरला दर्शन मिळालं नाही तेव्हा ‘तुमचं तुम्हीच सुखाने नांदा’ असा टोमणाही त्याने देवाला मारला.

फरक आहे तो विस्ताराचा. शैवांची क्षेत्रं कावेरी खोऱ्यात दाटीवाटीने आहेत: तेवारममधल्या सुमारे 275 गावांपैकी 190 चोळ देशातली, त्यांतली 63 नदीच्या उत्तरेला आणि 127 दक्षिणेला. वैष्णवांची 108 क्षेत्रं कमी, पण हिमालयापर्यंत पसरलेली, आणि त्यांतली दोन तर पृथ्वीवरच नाहीत. वैष्णवांचं लक्ष एका श्रीरंगमवर जास्त एकवटलं. तोंडरडिप्पोडी आळवाराने श्रीरंगाला पहाटे उठवायची दहा कडवी रचली आणि तिरुप्पाण आळवाराने त्याच देवाचं पायापासून डोळ्यांपर्यंतचं वर्णन दहा कडव्यांत केलं. हा तिरुप्पाण पाण जातीचा, कावेरीकाठी उभं राहून गाणारा. परंपरा सांगते, की त्याला पुजाऱ्याच्या खांद्यावर बसवून आत आणलं गेलं.

परिणाम

दगड शेवटी आला. दहाव्या शतकात चोळ राणी शेंबियन महादेवी हिने खोऱ्यातली विटांची देवळं दगडात बांधून घ्यायला सुरुवात केली. तिरुवारूरच्या आवारातलं अरनेरी मंदिर, म्हणजे ज्या ठिकाणी नमिनंदीचे दिवे लागले तेच, तिच्या या कामांपैकी आहे. कुठलं देऊळ आधी घ्यायचं याची निवड गीतांनी जवळजवळ करूनच ठेवली होती. चोळ राजा पहिला राजराज याने तंजावूरच्या मोठ्या मंदिरात ही पदं गायला 48 गायक आणि साथीला दोन वादक नेमले, त्यांचं रोजचं भात ठरवून दिलं आणि ते भिंतीवर कोरलं. सुंदररच्या यादीवर आधी नंबी आंडार नंबीने आणि मग सेक्किळारने चरित्रं उभी केली. यादीतल्यांत सुंदरर स्वतः आणि त्याचे आई-वडील मिळवून 63 हा आकडा झाला.

सतराव्या शतकात तंजावूर भोसल्यांकडे गेलं. एकोजींचा मुलगा शहाजी तिरुवारूरच्या त्यागेशाचा, म्हणजे त्यागराजाचा, भक्त होता आणि त्याने या देवावर ‘पल्लकी सेवा प्रबंधम्’ हे तेलुगू गेय नाटक लिहिलं. मराठी राजा, तेलुगू नाटक, तमिळ देव. मधला धागा तेच गाव.

वेगळं काय होऊ शकलं असतं

दहावं कडवं. संबंदरने जैन-बौद्धांची निंदा आराखड्यातच बसवली, त्यामुळे ती वादाच्या प्रसंगापुरती राहिली नाही. गीत जिथे जिथे गेलं तिथे तीही गेली. मदुरैत आठ हजार जैनांना सुळावर दिल्याची कथा सेक्किळारच्या काळात रूढ झाली. त्या घटनेला समकालीन पुरावा नाही, पण मंदिरांतून तिचा उत्सव होत राहिला. सुंदररच्या यादीतल्या दंडी या आंधळ्या भक्ताच्या कथेतही कमलालय खोदून मोठं करताना काठावरची जैनांची वस्ती हटवली जाते. अप्परची आधी-नंतरची प्रश्नमालिका पाहिली की कळतं, या कवींना शत्रूशिवायही गाव उभं करता येत होतं. प्रतिपक्षाला दहावा क्रमांक कायमचा बहाल करणं हा निवडीचा भाग होता, गरजेचा नव्हे.

दुसरी त्रुटी यादीची. तिने नंदनारला जागा दिली ती गीतात. देवळाच्या दाराबद्दल ती काहीच बोलत नाही. सेक्किळारच्या कथेत तिरुप्पुंगूरला नंदी बाजूला सरकतो, म्हणजे नंदनारला बाहेरून दर्शन होतं. आणि चिदंबरममध्ये आत जाण्याआधी त्याला आगीतून जाऊन ब्राह्मणाच्या रूपात बाहेर यावं लागतं. तिरुप्पाणही स्वतःच्या पायांनी आत गेला नाही. ज्यांनी दास्याचं नातं इतक्या स्पष्ट शब्दांत बांधलं, त्यांनी प्रवेशाचा नियम एका ओळीत घातला असता तर पुढच्या पिढ्यांना त्याचा आधार मिळाला असता. ती ओळ कोणी रचली नाही.

आणि भाषेचं काय? गीतं तमिळ राहिली, गाभाऱ्यातली पूजा संस्कृत. गाणारे ओदुवार बहुतेक ठिकाणी पूजेनंतर, गाभाऱ्याबाहेरून गातात. 2008 मध्ये तमिळनाडू सरकारने चिदंबरमच्या गाभाऱ्यासमोरच्या मंचावरून तेवारम गायला परवानगी देणारा आदेश काढला. तिथल्या दीक्षित पुजाऱ्यांनी विरोध केला आणि एका वृद्ध ओदुवारांना पोलीस बंदोबस्तात वर जाऊन गावं लागलं. सुंदररच्या यादीची पहिली ओळ याच दीक्षितांच्या पूर्वजांबद्दल आहे.